चार्जिंग होतं, पण टाइप-सी इअरफोन वाजत नाही

दादा, माझा टाइप-सी इअरफोन बाबांच्या जुन्या फोनला मस्त वाजतो, पण माझ्या नव्या फोनला लावला तर गाणं स्पीकरवरच चालू राहतं. भावाचा टाइप-सी इअरफोन नेमका उलटा, माझ्या फोनवर वाजतो आणि बाबांच्या फोनवर नाही. चार्जिंग दोन्ही फोनचं व्यवस्थित होतं. एका दुकानदारानं सांगितलं, तुमच्या फोनचं पोर्ट गेलंय, बदलायला नऊशे रुपये लागतील. बदलू का?

नऊशे रुपये पर्समध्येच राहू द्या, ताई. भावाचा इअरफोन तुमच्या फोनवर वाजतोय, म्हणजे पोर्ट जिवंत आहे. तुमच्या घरात दोन वेगळ्या जातीचे इअरफोन आलेत, घोळ तेवढाच आहे. टोक सारखं, वायर सारखी, बोंडं सारखी, पण आतलं काम पूर्ण वेगळं. एक अ‍ॅनालॉग आहे आणि दुसरा डिजिटल. तुम्ही लिहिलेली ही उलटसुलट जोडी वाचली तेव्हाच माझं निम्मं निदान झालं होतं.

त्या दुकानदाराला मी फार बोल लावणार नाही, कारण मीही एकदा असाच आपटलोय. माझं मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. इअरफोनचं जुनं गोल, साडेतीन एमएमचं भोक नसलेले फोन नवे नवे यायला लागले तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाचा इअरफोन वाजत नव्हता म्हणून मी त्याच्या फोनचा चार्जिंग बोर्ड बदलला. वाजेना. बोर्डच खराब आला असेल म्हणून दुसरा मागवून टाकला. तरी वाजेना. शेवटी पैसे परत केले, दोन्ही बोर्ड माझ्या अंगावर पडले, आणि त्या रात्री दुकान बंद करून टाइप-सी पोर्टातल्या कुठल्या पिनेवर काय चालतं ते बसून वाचलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

मुळापासून सांगतो. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. कानातल्या बोंडात एक पातळ पडदा असतो आणि त्याला हलवायला आकडे चालत नाहीत, वरखाली होणारं विजेचं व्होल्टेज लागतं. म्हणजे कुठंतरी आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप हवीच. तिला डॅक म्हणतात, आणि तिच्याबरोबर पडदा ढकलण्यापुरता जोर देणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. साडेतीन एमएमच्या जमान्यात ही दोन्ही कामं फोनच करायचा, त्यामुळं कुठलाही इअरफोन कुठल्याही फोनला चालायचा आणि कुणाला डोकं लावायची गरज पडायची नाही. टाइप-सी आलं आणि प्रश्न उभा राहिला की डॅक फोनमध्ये ठेवायचा की इअरफोनमध्ये. पोर्टाच्या नियमांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या, आणि फोन बनवणाऱ्यांनी आपापल्या सोयीची धरली.

आमच्या दुकानातल्या पोराला मी हे जेवणावरून समजावलं होतं. अ‍ॅनालॉग म्हणजे घरून आलेला भरलेला डबा. स्वयंपाक फोनमध्ये झालाय, इअरफोननं फक्त खायचं. डिजिटल म्हणजे शिधा. फोन नुसतं तांदूळ, डाळ पाठवतो आणि वर गॅसही पाठवतो, स्वयंपाक इअरफोनच्या आतल्या चुलीवर होतो. आता ज्याच्याकडं चूलच नाही त्याला शिधा देऊन उपयोग नाही, आणि ज्या घरात डबा भरायची पद्धतच नाही तिथं रिकामं ताट घेऊन बसणारा उपाशीच राहणार. तुमचा इअरफोन आत्ता तुमच्या नव्या फोनपुढं असाच रिकामं ताट घेऊन बसलाय.

आता पोर्टाच्या आत बघू. टाइप-सीमध्ये एकूण २४ जागा असतात, पण आपल्याला चारच जोड्या पुरेत. एक जोडी पाच व्होल्ट आणि ग्राउंडची, जी चार्जिंगला लागते. दुसरी डी प्लस आणि डी मायनस, जिच्यावरून डेटा जातो. तिसरी सीसी वन आणि सीसी टू, ही चौकशीची जोडी. चौथी एसबीयू वन आणि एसबीयू टू, जी एरवी बहुतेक रिकामीच पडून असते.

डिजिटल इअरफोन पेन ड्राइव्हसारखाच वागतो. त्याला पाच व्होल्ट लागतात आणि गाणं डी प्लस, डी मायनसवरून आकड्यांच्या रूपात जातं. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, कान दोन. गुणाकार केला तर दर एक हजारांश सेकंदाला १९२ बाइटचं एक पाकीट होतं. इअरफोनच्या टोकातली किंवा वायरवरच्या बटणाच्या डबीतली चिप ही पाकिटं उघडते आणि त्याचं व्होल्टेज करते. या देवाणघेवाणीचे नियम १९९८ पासून ठरलेले आहेत, म्हणून हाच इअरफोन लॅपटॉपलाही काही न टाकता चालतो.

अ‍ॅनालॉग इअरफोनमध्ये चिप नावाचा प्रकारच नाही. फोन त्याच डी प्लस आणि डी मायनस तारांवरून डेटा काढून घेतो आणि त्याजागी सरळ आवाजाचं व्होल्टेज सोडतो, डी प्लसवर उजवा कान, डी मायनसवर डावा. एसबीयूच्या दोन तारांपैकी एक माइकला आणि दुसरी दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट. पाच व्होल्टची गरजच नाही. साडेतीन एमएमच्या पिनेवरचे चार पट्टे उचलून टाइप-सीच्या चार तारांवर ठेवलेत असं समजा.

मग एकाच तारांच्या जोडीवर कधी डेटा आणि कधी आवाज, हे फोनला कळतं कसं? सगळी मेख इथंच आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही. ते काम सीसीच्या जोडीचं. पोर्टात काहीही खुपसलं की फोन या दोन तारांवर बारीकसा करंट सोडून समोर किती ओहमचा अडथळा आहे ते मोजतो. एका सीसीवर ५.१ किलो-ओहम दिसला आणि दुसरी मोकळी असली, तर समोर यूएसबीचं उपकरण आहे असं फोन समजतो, त्याला पाच व्होल्ट देतो आणि तू कोण म्हणून विचारतो. पलीकडून मी इअरफोन असं उत्तर आलं की आवाज तिकडं वळतो. दोन्ही सीसीवर सुमारे एक किलो-ओहम किंवा त्याहून कमी दिसला, तर तो अ‍ॅनालॉग इअरफोन किंवा तसाच अडॅप्टर. अशा वेळी फोन पाच व्होल्ट सोडतच नाही, पोर्टामागचा एक स्विच फिरवतो आणि डी प्लस, डी मायनस डेटाच्या बाजूनं सोडवून आतल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडतो.

हा स्विच म्हणजे बोर्डावर मोहरीपेक्षा जरा मोठी दिसणारी एक चिप असते. बारीक असली तरी कामाची आहे. डेटाचं व्होल्टेज शून्यापासून वर ३.३ पर्यंत जातं, आवाजाचं मात्र शून्याच्या खालीही उतरतं. दोन्ही न बिघडवता एकाच वाटेवरून सोडायचे, वर टोक उलटं लावलं की माइक आणि परतीची वाट यांची अदलाबदल होते तीही सांभाळायची, असला तिचा व्याप. ज्या कंपनीला हा खर्च आणि बोर्डावरची ही जागा वाचवायची असते ती हा स्विचच बसवत नाही. तुमच्या नव्या फोनमध्ये तो नाही असा माझा होरा आहे. इअरफोन लावला की फोनला दोन्ही सीसीवर एक किलो-ओहम दिसतो, हा अ‍ॅनालॉगवाला आहे हेही कदाचित कळतं, पण वळवायला वाटच नसल्यानं तो गप्प बसतो आणि गाणं स्पीकरवर तसंच चालू राहतं.

काही फोन निदान तोंडावर सांगतात. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी तयार संदेश आहे, `Analog audio accessory detected`, आणि त्याखाली हे उपकरण या फोनला चालत नाही अशा अर्थाची ओळ येते. पिक्सेलवर तो मी स्वतः पाहिलाय. तुमच्या फोनवर काहीच आलं नसेल तर घाबरू नका, कितीतरी फोन अवाक्षर काढत नाहीत, आणि असल्या मुक्या फोनांमुळंच पोर्ट बदलणाऱ्यांची दुकानं चालतात.

कुठल्या फोनला काय चालतं याची पूर्ण यादी पाठ करण्यात अर्थ नाही, पण दोन-चार नावांवरून अंदाज येईल. २०१८ मधला शाओमीचा एमआय ए२ आणि हुआवेचा पी२० हे अ‍ॅनालॉगवाले, त्यांच्या बॉक्समधला साडेतीन एमएमचा अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा. सॅमसंगनं २०१९ च्या गॅलेक्सी नोट १० पासून डिजिटलची वाट धरली. आयफोन १५ ला २०२३ मध्ये टाइप-सी आलं तेही डिजिटलच. आणखी एक ठोकताळा मी वापरतो. ज्या फोनला साडेतीन एमएमचं भोक आहे त्याच्या टाइप-सीमध्ये अ‍ॅनालॉग चालेल अशी आशा धरू नका. त्या फोनचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर भोकाला जोडलेला असतो, कंपनी कशाला दुसरी वाट काढेल?

आता बाबांचा फोन. तुमचा अ‍ॅनालॉग इअरफोन तिथं वाजतो म्हणजे त्यात तो स्विच आहे. पण भावाचा डिजिटल वाजत नाही, हे जरा खटकतं, कारण पेन ड्राइव्ह चालवणारा अँड्रॉइड फोन डिजिटल इअरफोनही सहसा चालवतोच. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ती सोय आहे. इथं दोष बहुतेक ओटीजीच्या बटणाचा असणार. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो यांच्या बऱ्याच फोनमध्ये बाहेरच्या उपकरणाला पाच व्होल्ट द्यायचे की नाही याचं वेगळं बटण असतं आणि ते मुळात बंद असतं. सेटिंगमध्ये `OTG connection` असं काहीतरी दिसेल. ते चालू करा आणि मग भावाचा इअरफोन लावा. त्यातली खोच अशी की काहीच जोडलेलं नसलं तर ते दहा मिनिटांनी आपलं आपण बंद होतं. त्यामुळं लोक म्हणतात, काल वाजला आणि आज बिघडला. माझ्याकडं एक काका रंकाळ्यावर सकाळचं फिरणं सोडून रोज इअरफोन दाखवायला येत होते. माझ्यासमोर वाजायचा, घरी गेला की बंद. तिसऱ्या दिवशी त्यांच्या फोनमध्ये हे बटण सापडलं.

तुमच्या अ‍ॅनालॉग इअरफोनला बाबांच्या फोनवर ही भानगड कधीच आली नाही, कारण त्याला पाच व्होल्ट नकोच असतात. ओटीजी बंद असताना एक इअरफोन वाजणं आणि दुसरा न वाजणं, हीसुद्धा दोघांची जात ओळखायची एक खूण झाली.

ओटीजी चालू करूनही भावाचा वाजला नाही तर एकच जागा बघायची राहते. कुणी कधी सेटिंगमधला लपवलेला डेव्हलपर ऑप्शन उघडून खेळलं असेल तर तिथं `Disable USB audio routing` चालू राहिलेलं असू शकतं. ते बंद पाहिजे. नाव उलटं आहे, चालू केलं की आवाज बंद होतो, म्हणून गोंधळू नका.

माझ्या बोलण्यावर नुसता विश्वास ठेवू नका, घरीच तपासा. टाइप-सी पोर्ट असलेला लॅपटॉप घ्या आणि दोन्ही इअरफोन एकेक करून लावा. डिजिटल असेल तर दोन-तीन सेकंदांत आवाजाच्या यादीत नवं नाव येईल आणि गाणं कानात वाजायला लागेल. अ‍ॅनालॉग असेल तर लॅपटॉपला काही जोडलंय याचा पत्ताही लागणार नाही. लिनक्स असेल तर इअरफोन लावायच्या आधी आणि नंतर ही आज्ञा चालवून बघा, एक ओळ वाढली तर डिजिटल.

```
lsusb
```

दुकानात मी हे मीटरनं करतो. गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजचा एक मुलगा आला होता, विद्यापीठात शिकणारा, हातात तुमच्यासारखेच दोन इअरफोन. त्याची दोन दुकानं आधीच फिरून झाली होती. माझ्याकडं टाइप-सीचा एक टेस्ट बोर्ड आहे, म्हणजे काड्यापेटीएवढी पट्टी, एका टोकाला पोर्ट आणि सगळ्या पिना बाहेर काढून त्यांची नावं छापलेली. पहिला इअरफोन लावला आणि मीटर सीसी वन आणि ग्राउंडवर टेकवला. एक किलो-ओहमच्या जवळ. सीसी टूवर टेकवला, तेवढाच. मग एक बोंड त्याच्याच कानात घालायला सांगितलं आणि मीटरची एक काडी डी मायनसवर, दुसरी एसबीयूवर ठेवली. मीटरवर १७ ओहम आले आणि पोरगं दचकलं, म्हणालं, कानात टक्क वाजलं! वाजणारच. मीटर मोजताना जो बारीक करंट सोडतो तो थेट त्याच्या कानातल्या पडद्यापर्यंत पोचला होता. मध्ये चिप असती तर असं झालंच नसतं. १७ ओहम म्हणजे त्या बोंडातल्या वेटोळ्याचा अडथळा, मधे दुसरं काही नाही.

दुसरा इअरफोन लावला. सीसी वनवर ५.१ किलो-ओहम, सीसी टू मोकळी. टोक उलटं करून लावलं तर आकडे बाजू बदलून बसले, सीसी टूवर ५.१ आणि सीसी वन मोकळी. डी मायनसवर काडी टेकवली तर कानात काही नाही आणि मीटरवर कसलातरी भलामोठा डळमळता आकडा. हा डिजिटल. दोन्ही इअरफोन ठणठणीत होते. त्या मुलाचा फोनही ठणठणीत होता. चहा पाजून त्याला परत पाठवला, कारण दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

इथं एक कबुली देतो, नाहीतर त्या दुकानदारावर अन्याय होईल. चार्जिंग होतंय म्हणून पोर्ट पूर्ण ठीक आहे असं म्हणता येत नाही. चार्जिंगला पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सीसी एवढंच पुरतं. अ‍ॅनालॉग आवाजाला लागणाऱ्या एसबीयूच्या पिना तर चार्जिंगलाही लागत नाहीत आणि साध्या डेटालाही नाहीत. त्यामुळं ज्या फोनमध्ये अ‍ॅनालॉग चालतं, त्यात नेमक्या त्याच पिना घाण झाल्या किंवा गंजल्या तर बाकी सगळं चालून इअरफोनच बिघडतो. बाबांच्या फोनवर उद्या असं झालं तर ओळखायचं कसं, ते सांगून ठेवतो.

त्याची एक मजेशीर खूण आहे. परतीची वाट तुटली की दोन्ही कानांचे पडदे एकामागं एक जोडल्यासारखे होतात आणि कानाला फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. आता गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडं अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं शून्य. गायक गायब होतो, आणि कडेला ठेवलेली वाद्यं, प्रतिध्वनी तेवढे पोकळ, लांबून आल्यासारखे ऐकू येतात. एक आजी तक्रार घेऊन आल्या होत्या की भजनातले बुवा गप्प झालेत आणि टाळ तेवढे वाजतायत. इअरफोनचं टोक उलटं करून लावल्यावर बुवा परत आले, कारण सामाईक तार दुसऱ्या एसबीयूवर गेली आणि ती पिन स्वच्छ होती. मग पहिल्या पिनेवरचा हिरवट गंज काढला, काम झालं. असं एका बाजूनं नीट आणि उलटं केल्यावर बिघडणं दिसलं तर तो खरंच पोर्टाचा किंवा टोकाचा दोष. तुमच्या नव्या फोनवर दोन्ही बाजूंनी लावून बघा. दोन्हीकडून एकदम मुका असेल तर तो दोष नाही, जातीचा फरक आहे.

पंचगंगेचं पाणी वाढायच्या दिवसांत आमच्याकडं असले गंजलेले पोर्ट जास्त येतात. खिशातला ओला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, ओल असताना पाच व्होल्ट गेले की पिना फार लवकर गंजतात.

आता तुम्ही करायचं काय. सोपा मार्ग असा की इअरफोनांची अदलाबदल करा, तुमचा बाबांना द्या आणि भावाकडं आहे तसा डिजिटल स्वतःला घ्या. घेताना खोक्यावर डॅक हा शब्द शोधा, किंवा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असले आकडे. आकडे लिहिलेत म्हणजे आत चिप आहे असं समजायला हरकत नाही, अर्थात खोटं लिहिणारेही असतातच, म्हणून दुकानातच आपल्या फोनवर वाजवून घ्या. ओटीजीचं बटण असलेला फोन असेल तर ते आधी चालू करून.

घरात साडेतीन एमएमचा चांगला इअरफोन पडून असेल तर डॅकवाला अडॅप्टर घेणं मला जास्त पटतं, कारण वायर तुटली तर इअरफोन बदलतो आणि चिप तशीच राहते. अ‍ॅपलचा टाइप-सी ते साडेतीन एमएम अडॅप्टर डिजिटलच आहे आणि आवाजाला उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो फार हळू वाजतो. फोन त्याच्या आतला आवाज पूर्ण वर नेतच नाही. तसं झालं तर अडॅप्टर बिघडलाय म्हणून परत करायला धावू नका, तो तुमच्या फोनला जुळत नाही एवढंच. एकाच वेळी चार्जिंग आणि इअरफोन अशी दोन शिंगं असलेले स्वस्त अडॅप्टर मात्र डोळे झाकून घेऊ नका. त्यातले बरेचसे नुसत्या तारांचे, म्हणजे अ‍ॅनालॉग असतात आणि तुमच्या फोनवर तुमच्या इअरफोनसारखेच मुके राहतील.

आणि समजा तुमचा हाच इअरफोन तुम्हाला सोडवत नाही, आवाज कानाला बसलाय, बोंडं नीट बसतात. तर तोही वाचवता येतो, कारण आत चिप नसल्यानं तो मुळात साडेतीन एमएमचाच इअरफोन आहे. टाइप-सीचं टोक कापायचं आणि चार पट्ट्यांची साडेतीन एमएमची पिन जोडायची. टोकाकडून क्रम डावा, उजवा, सामाईक, माइक. आतल्या तारा केसासारख्या असतात आणि त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर असतो. तो सोल्डरिंगच्या गरम टोकाखाली कथिलात जाळून काढावा लागतो, नाहीतर जोड वरून चिकटलेला दिसतो पण वीज जात नाही. लाल बहुतेक उजवा आणि तांब्याच्या रंगाची सामाईक, तरी रंगावर विसंबू नका, आधी मीटर लावून कानातली टक्क ऐका आणि मगच जोडा. डावी-उजवी बाजू त्याच टक्कवरून कळते. मग तो डॅकवाल्या अडॅप्टरमधून तुमच्या फोनला चालेल. बाबांच्या फोनला मात्र एक अडॅप्टर लागेल.

जोडकामाला माझी मजुरी शंभर रुपये आहे, पिन वेगळी. पण आज संध्याकाळी आधी लॅपटॉपवर दोन्ही लावून बघा आणि बाबांच्या फोनमधलं ओटीजीचं बटण शोधा. बटण सापडलं नाही तर फोनचं मॉडेल कळवा, प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्याच कोपऱ्यात लपवलेलं असतं.